दिवाळीनंतर उरलेले १४० अनारकली ड्रेस: सूट किती द्यायची आणि केव्हा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे कापडदुकान. दोन भाऊ आणि थोरल्यांचा पुतण्या मिळून ते चालवतात. त्यांचे हिशोब मी पाहतो, त्यामुळे बिलं आणि स्टॉक दोन्ही माझ्यासमोर होते. दुकानाचं नाव देत नाही आणि आकडे सोयीसाठी थोडे गोळाबेरीज केले आहेत.

२०२५च्या दिवाळीसाठी त्यांनी एका पॅटर्नचे ४०० अनारकली ड्रेस भरले होते. खरेदी १,५०० रुपये नग, कर वेगळा. टॅग २,९९९. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, भाऊबीज २३ला. २४ तारखेला सकाळी मोजणी केली तेव्हा १४० नग उरले होते. म्हणजे २ लाख १० हजार रुपये रॅकवर लटकलेले.

थोरल्या भावाचं म्हणणं होतं की माल चांगला आहे, घडी घालून गोडाऊनला ठेवा, पुढच्या दिवाळीला निघेल. पुतण्या म्हणाला, "काका, सोमवारपासून सरळ निम्म्या किमतीचा बोर्ड लावू. पंधरा दिवसांत रॅक मोकळा." दोघांचीही भीती खरी होती. एकाला खरेदीच्या खाली विकण्याची, दुसऱ्याला पैसे अडकण्याची. पण त्या घडीला प्रत्येक नगाची खरी किंमत काय आहे, हे दोघांनीही मोजलेलं नव्हतं.

हिशोब सुरू करण्याआधी व्यापाऱ्याला फोन केला. सुरतच्या पेढीशी जीआरची, म्हणजे न खपलेला माल परत घेण्याची, बोली होती, पण मुदत दिवाळीआधीच संपली होती आणि बदलून माल द्यायलाही ते तयार नव्हते. तो रस्ता बंद असल्याची खात्री आधी करून घ्यावी, कारण परत जाणाऱ्या नगावर सूट देण्यात काही अर्थ नसतो.

मग पहिला प्रश्न घेतला: माल ठेवला तर काय मिळेल? पुढची दिवाळी अधिक ज्येष्ठामुळे लांबली आहे. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबर २०२६ला आहे, म्हणजे वर्षभर आणि वर अठरा दिवस. दुकानाचं बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज ११ टक्क्यांनी चालतं, म्हणून १,५०० रुपयांवर तेवढ्या दिवसांचं व्याज १७३ रुपये होतं. टिकल्या आणि जरी वर्षभरात काळवंडतात, घड्यांच्या खुणा पडतात, त्यामुळे इस्त्री आणि नवीन पिशवी मिळून नगामागे ४० रुपये धरले. त्यापेक्षा मोठा प्रश्न पॅटर्नचा होता. मागच्या वर्षीचा घेर आणि मागच्या वर्षीचा गळा २,९९९ला कुणी घेत नाही. आधीच्या दोन वर्षांत ठेवून दिलेल्या मालाची बिलं काढली, तर दहातले साधारण सहा नग एकतृतीयांश सुटीने गेले होते आणि उरलेले, शिल्लक माल एकगठ्ठा उचलणाऱ्या लॉटवाल्याला द्यावे लागले होते. तोच अंदाज इथे लावला. सहा नगांचे, कर वजा जाता, हातात प्रत्येकी १,९०४ आणि चार नगांचे प्रत्येकी ५००. सरासरी १,३४२ येते. त्यातून व्याज आणि इस्त्री वजा केली की उरतात १,१३०.

हा १,१३०चा आकडा या सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. आज ड्रेस विकून, कर भरून, हातात १,१३०पेक्षा जास्त येत असतील तर विकणं ठेवण्यापेक्षा बरं. त्याहून कमी येत असतील तर ठेवलेलं बरं. यात १,५०० कुठेच येत नाही, कारण ते १,५०० ऑगस्टमध्येच गेले आहेत आणि विकल्याने किंवा न विकल्याने परत येणार नाहीत. थोरल्यांना हे पटायला वेळ लागला. "खरेदीच्या खाली विकलं तर तोटा, ठेवलं तर तोटा नाही," असा त्यांचा हिशोब होता. पण ३१ मार्चला शिल्लक मालाची किंमत खरेदी आणि बाजारात मिळू शकणारी रक्कम यांतली जी कमी असेल तीच धरावी लागते. माल विकला नाही तरी तोटा वहीत उतरतोच. शिवाय बँक जुना, न हलणारा स्टॉक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कर्ज उचलण्याच्या मर्यादेत, सहसा धरत नाही.

दुसरी गोष्ट कराची, आणि यंदा तिने चित्रच बदललं होतं. २२ सप्टेंबर २०२५पासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेपासून, तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. त्याआधी सीमा १,०००ची होती आणि तिच्यावर १२ टक्के होते. टॅग ऑगस्टमध्ये छापलेले होते. जुन्या दराने २,९९९मधून कर वजा जाता २,६७८ हातात येत. नव्या दराने २,५४२च येऊ लागले. दिवाळीच्या गर्दीत याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता हेच उलट बाजूने पाहा. ड्रेस २,५९९ला विकला तर कराआधीची किंमत २,४७५ होते, ती २,५००च्या आत बसते, म्हणून कर ५ टक्केच. गिऱ्हाइकाला ४०० रुपये कमी पडतात आणि दुकानाला फक्त ६७. बिलातच दाखवलेली सूट कराच्या किमतीतून वजा होते, त्यामुळे हे सरळ आणि कायदेशीर आहे. गिऱ्हाईक जेमतेम २,९५०च्या वर देवो की २,६२५ देवो, दुकानाच्या हातात दोन्ही वेळी २,५००च्या आसपासच पडतात. तेव्हा या दोन आकड्यांच्या मधला भाव लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन सरकारला देणं. म्हणून पहिली पायरी ठरवायला फार विचार करावा लागला नाही: २,५९९. (हा हिशोब एकसंध ड्रेसचा आहे. कुर्ता, पलाझो आणि ओढणी असा सेट असेल तर नग कशाला म्हणायचं ते आपल्या करसल्लागाराशी आधी बोलून घ्यावं. साडी कापडात मोडते, तिला ही सीमा लागू नाही.)

तिसरी गोष्ट वेळेची. या ड्रेसची गिऱ्हाइकं भाऊबीजेला संपत नाहीत. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला होतं आणि त्यानंतर लग्नसराई सुरू होते. साखरपुडा, हळद, मैत्रिणीचं लग्न, या सगळ्याला हाच ड्रेस चालतो. पण यंदा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त. गौण मुहूर्तांवर लग्नं होतात, तरी गर्दी त्याआधीच. म्हणजे खरी खिडकी नोव्हेंबरचे चार आठवडे आणि डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा, एवढीच.

तुळशीच्या लग्नाआधी सूट द्यायची नाही, हे मी आग्रहाने सांगितलं. गाव लहान आहे. १८ तारखेला २,९९९ देऊन गेलेली बाई २५ला त्याच ड्रेसवर बोर्ड पाहते तेव्हा ती भांडत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाते. दहा दिवसांचं अंतर पुष्कळ झालं. गिऱ्हाइकांना सुटीची सवय लागेल आणि ती दिवाळीची खरेदीच पुढे ढकलतील, ही जी भीती नेहमी बोलून दाखवली जाते, ती सणाच्या कपड्याला फारशी लागू पडत नाही. पाडव्याला घालायचा ड्रेस पाडव्यानंतर घेऊन उपयोग नसतो. लग्नाच्या शालूला किंवा शेरवानीला मात्र ती भीती खरी आहे.

मोजणीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. १४०पैकी २२ नग काळे होते. दिवाळीला काळा रंग कुणी घेत नाही, आणि व्यापाऱ्याने प्रत्येक गठ्ठ्यात एक काळा टाकलेला होता. पुतण्याच्या बोर्डाखाली ते सगळ्यात आधी फुंकले गेले असते. पण १४ जानेवारीला संक्रांत, पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम, नव्या सुनेचा पहिला सण, आणि तिथे तर काळाच रंग लागतो. ते २२ नग वेगळे काढले, पिशवीत घातले आणि जानेवारीपर्यंत रॅकवर आणायचे नाहीत असं ठरलं.

उरलेल्या ११८ नगांत साइजचा तोल बिघडलेला होता. एम १४, एल १३, एक्सएल २०, एस ३६ आणि डबल एक्सएल ३५. अशा तुटक मालाला सगळ्यांवर सारखी सूट म्हणजे एम आणि एलवर उगाच दिलेले पैसे. ते तसेही जातात. दुसरीकडे एकाच डिझाइनवर साइजप्रमाणे वेगळे भाव लावले तर काउंटरवर रोज वाद. डबल एक्सएलसाठी वेगळी वाट निघाली. ड्रेस आत घेता येतो, त्याला कापड जोडावं लागत नाही. शेजारच्या टेलरने नगाला १०० रुपयांत बाजू आणि बाह्या आत घ्यायचं कबूल केलं, आणि "फिटिंग मोफत" अशी पाटी लागली. डबल एक्सएलचा ड्रेस एलवालीला बसू लागला. एसचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. शिलाईत माया जेमतेम अर्ध्या इंचाची होती, तेवढ्यात तो एमपर्यंतही जात नाही.

२४ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या दहा दिवसांत जुन्याच किमतीला सहा नग गेले. ३ नोव्हेंबरपासून २,५९९ची पाटी लागली. पहिल्या आठवड्यात १४ गेले, दुसऱ्यात ७. शिल्लक ९१.

इथे दुसरा निर्णय घ्यायचा होता, आणि तो कसा घेतला ते सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक दुकानं अडखळतात. आठवड्याला ७च्या वेगाने ९१ नग निघायला १३ आठवडे लागतात. हाताशी होते चार. तेव्हा भाव उतरवायचा हे उघड होतं. प्रश्न होता किती. थोरले म्हणाले, "अजून शंभर-दोनशे कमी करून बघू." दुकानाची मागच्या दोन दिवाळ्यांची बिलं सॉफ्टवेअरमधून काढली. दहा टक्क्यांच्या सुटीने विक्रीत फरक दिसतच नव्हता. तीस-पस्तीस टक्क्यांना पहिल्या आठवड्यात विक्री साधारण तिप्पट झाली होती आणि मग दर आठवड्याला जवळपास तिसरा हिस्सा घटत गेली होती. निम्म्या किमतीला ती चौपटीच्या आसपास थांबली होती.

आता कोणती पायरी परवडते ते पाहायचं. २,५९९ला विकलेला नग ठेवण्यापेक्षा १,३४५ रुपये जास्त देतो, म्हणजे २,४७५ वजा १,१३०. १,९९९ला विकला तर हातात १,९०४ येतात, म्हणजे ७७४ जास्त. तेवढाच फायदा टिकवायचा तर विक्री पावणेदोन पट व्हायला हवी. बिलं तिप्पट सांगत होती, म्हणजे पायरी परवडत होती. सरळ १,४९९वर उडी मारली तर हातात १,४२८, फायदा फक्त २९८, आणि बरोबरी साधायला विक्री साडेचारपट हवी. तेवढी ती कधीच झालेली नव्हती. पुतण्याचा निम्म्या किमतीचा बोर्ड इथे बाद झाला. आणि थोरल्यांच्या रीतीने १,५०० खरेदी धरून हाच हिशोब केला असता तर १,९९९साठीच जवळपास अडीच पट विक्रीची अट दिसली असती आणि हात आखडला असता. पाया चुकीचा धरला की सूट उशिरा आणि उथळ दिली जाते, ती अशी.

शंभर-दोनशे कमी करत जाण्याने आणखी एक होतं. दर आठवड्याला पाटी बदलताना दिसली की बाई ड्रेस हातात घेते, पाहते आणि परत लावते. अजून उतरेल हे तिला कळलेलं असतं. पायऱ्या मोजक्या हव्यात आणि प्रत्येक डोळ्यांत भरेल एवढी खोल हवी.

१७ नोव्हेंबरपासून १,९९९. तीन आठवड्यांत २१, १५ आणि ९, एकूण ४५ नग गेले. त्यांतले १६ डबल एक्सएलचे होते, टेलरकडे आत घेतलेले. १,६०० रुपये खर्च झाला. हा रॅक दाराशी न लावता मागच्या भिंतीला लावला होता, कारण दाराशी लग्नसराईचा नवा माल होता आणि त्याच्या शेजारी १,९९९ची पाटी लागली असती तर ३,५००चा गाऊन महाग वाटला असता.

८ डिसेंबरला ४६ शिल्लक होते, बहुतेक एस. तेव्हा १,४९९ला उतरलो. ही पायरी वादाची आहे हे मान्य करायला हवं. १,९९९वरून १,४९९वर येताना विक्री अडीच पटीहून जास्त व्हावी लागते. शुक्राच्या अस्तात १,९९९ला आठवड्याला दोनेक नग गेले असते असा माझा अंदाज आहे. १,४९९ला संक्रांतीपर्यंतच्या पाचेक आठवड्यांत २६ गेले. हिशोबाने जेमतेम बरोबरी. तरीही मी पुन्हा तेच करीन, कारण एसचे ड्रेस फेब्रुवारीतही एसच राहतात. त्यांच्यासाठी १,१३०चा आकडाही फुगवलेला होता. तुटक साइजची ठेव-किंमत वेगळी आणि बरीच कमी धरायला हवी होती, आणि ती धरली तर ही पायरी स्वच्छ परवडते.

"एकावर एक मोफत" हा प्रस्ताव मध्येच आला होता. करात त्याची अडचण नाही. २०१९च्या परिपत्रकानुसार तशा योजनेत दोन नग एका किमतीला विकले असं धरतात आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, शाबूत राहतं. अडचण ड्रेसची होती. एकाच बाईला एकाच पॅटर्नचे दोन अनारकली नको असतात. ती योजना लेगिंग्जला, लहान मुलांच्या कपड्यांना चांगली. नुसतेच फुकट वाटले किंवा नष्ट केले तर मात्र खरेदीवरचं क्रेडिट परत करावं लागतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

काळे २२ नग १ जानेवारीला बाहेर आले, २,५९९च्या टॅगने. संक्रांतीपर्यंत १७ गेले. उरलेल्या पाचांतले तीन हळदीकुंकवाच्या दिवसांत १,४९९ला. शेवटी काळे दोन आणि बाकीचे वीस, असे २२ नग फेब्रुवारीत लॉटवाल्याला ६०० रुपये अधिक कर या दराने दिले. लॉटवाल्याचा भाव मार्चजवळ येईल तसा पडतो, कारण तेव्हा सगळेच गोडाऊन झाडतात.

एकूण हातात, टेलर वजा जाता, सुमारे २ लाख ४८ हजार आले. पहिल्या दिवसापासून निम्म्या किमतीला सगळे १४० गेले असते असं धरलं, जे धरणंच उदार आहे, तरी २ लाखांच्या आत आले असते. ठेवून दिले असते तर अंदाजे १ लाख ५८ हजार, तेही पुढच्या नोव्हेंबरनंतर. या पैशांतून गुढीपाडवा आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईचा माल रोखीने भरता आला. १७ मेपासून अधिक महिना असल्याने ती लग्नसराई आखूड होती, आणि तिथे उधारीवर भरलेला माल अडकला असता तर पुन्हा हाच पेच.

पुढच्या दिवाळीची ऑर्डर लिहिताना काही गोष्टी बदलल्या. टॅग सुरुवातीपासूनच २,५९९. एस आणि डबल एक्सएल कमी, पण डबल एक्सएलपेक्षा एस जास्त कमी, कारण त्याला आत घेण्याची वाट नाही. काळे नग वेगळे मागवायचे आणि डिसेंबरअखेर. पायऱ्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. २०२६ला तुळशीचं लग्न नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जातं आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यावरच राहते, म्हणजे दिवाळी ते संक्रांत हे अंतर बारा आठवड्यांवरून दहाच्याही आत येतं. २,५९९ हा टॅगच असल्याने तीही पायरी आता मोकळी झाली आहे. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर पहिलीच सूट १,९९९ची द्यायची, आणि पहिल्या आठवड्याची विक्री हाती आली की शिल्लक भागिले वेग मोजून पुढचं ठरवायचं, असं लिहून ठेवलं आहे.